गाण्यात शिरलेले इंजिन

गाडीत फोन ऑक्स केबलने डेकला जोडलेला असतो. नकाशा चालू ठेवायचा म्हणून तोच फोन लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरलाही लावलेला असतो. गाणे सुरू होते आणि गाण्याच्या मागे एक बारीक 'कुंई' ऐकू येऊ लागते. सिग्नलला गाडी उभी असली की तिचा सूर खाली असतो, रेस दिली की चढतो, गिअर बदलताना उतरतो आणि पुन्हा चढतो. गाणे थांबवले तरी ती चालूच राहते. फोनमधून चार्जरची पिन उपसली की मात्र बहुतेक गाड्यांत ती तत्क्षणी गप्प होते.

यावर सर्रास होणारे उपाय म्हणजे महागडी ऑक्स केबल घेणे, स्पीकर बदलणे, नाहीतर डेकच खराब झाला असे समजून नवा बसवणे. बहुतेकांच्या हाती काही लागत नाही, कारण आवाज तयार कुठे होतो आणि गाण्यात शिरतो कुठून, या दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत झालेली असते. तो तयार होतो ती जागा गाडीच्या चालण्याचाच भाग आहे, ती बंद करता येत नाही. तो शिरतो ती वाट मात्र आपणच दोन वायरी लावून उघडलेली असते, आणि ती बंद करता येते.

सूर का चढतो?

इंजिनाच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरत असतो. अनेक मेकॅनिक त्याला आजही डायनामोच म्हणतात. गाडी चालू असताना दिवे, ब्लोअर, डेक, चार्जर या सगळ्यांना वीज पुरवणे आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरणे हे त्याचे काम. बंद गाडीत भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण 12.6 असतो. इंजिन सुरू झाले की तो 13.8 ते 14.4 च्या आसपास जातो, तो अल्टरनेटरमुळे.

अल्टरनेटरच्या आत वायरींची तीन वेटोळी असतात आणि त्यांत तयार होणारी वीज एसी असते, म्हणजे सतत दिशा बदलणारी. गाडीला लागते डीसी. म्हणून अल्टरनेटरमध्येच सहा डायोडचा संच बसवलेला असतो, तो या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो. पण बाहेर पडणारी वीज अगदी सपाट होत नाही. तिच्या माथ्यावर लहान लहान लहरी उरतात. बॅटरी त्यातल्या बऱ्याच गिळते, तरी थोड्या वायरिंगमध्ये फिरत राहतातच.

या लहरी किती वेगाने येतात, ते एका साध्या हिशेबात कळते. इंजिन आयडलला मिनिटाला 800 फेरे घेत आहे असे धरू. पुली लहान असल्याने अल्टरनेटर त्याच्या अडीच पट, म्हणजे 2000 फेरे घेतो. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये चुंबकाचे 12 ध्रुव, म्हणजे सहा जोड्या असतात. एका फेऱ्यात सहा आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात सहा डायोडमुळे सहा लहरी उठतात, म्हणजे फेऱ्याला 36. मिनिटाच्या 2000 फेऱ्यांना 72,000 लहरी झाल्या, सेकंदाला 1200. स्पीकरमधून 1200 हर्ट्झचा स्वर म्हणजे बारीक शिट्टीच. रेस देऊन इंजिन 2400 फेऱ्यांवर नेले की हाच आकडा 3600 होतो. सूर दीड सप्तकाहून थोडा जास्त वर गेला. वेगवेगळ्या गाड्यांत पुलीचे प्रमाण आणि ध्रुवांची संख्या थोडी बदलते, पण आवाज पडतो तो याच पट्ट्यात. दुर्दैवाने आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तोही साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या दरम्यान. म्हणून इतका क्षीण आवाजही टोचतो.

सूर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होत असेल तर उगम अल्टरनेटर आहे, हे एवढ्यावरून नक्की म्हणता येते. अल्टरनेटर बिघडला आहे, असे मात्र त्यावरून ठरत नाही. या लहरी निरोगी अल्टरनेटरमध्येही असतात.

शून्य नसलेले शून्य

घरातल्या उपकरणाला जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही वायरी वेगळ्या टाकलेल्या असतात. गाडीत तसे नसते. बॅटरीचे निगेटिव्ह टोक जाड केबलने गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. हेडलाइट, ब्लोअर, हॉर्न यांना पॉझिटिव्ह वायर वेगळी जाते, पण परतीचा करंट जवळच्या एखाद्या स्क्रूवरून पत्र्यात शिरतो आणि पत्र्यातूनच बॅटरीपर्यंत येतो. ऑटो इलेक्ट्रिशियन याला 'बॉडी अर्थ' म्हणतात.

पत्रा कुठेही धरला तरी तिथे शून्य व्होल्ट, असे आपण गृहीत धरतो. पण शेताच्या पाटात पाणी वाहत असेल तर दोन टोकांची पातळी सारखी राहत नाही, थोडा उतार असतोच. पत्र्यातून करंट वाहत असला की त्याचेही तसेच होते. पत्र्याचा स्वतःचा रोध नगण्य असतो. फरक पडतो तो जोडांवर. जिथे वायरीचा लग आणि पत्रा स्क्रूने आवळलेले असतात, तिथे रंगाचा थर, गंज किंवा ढिला स्क्रू असला की रोध वाढतो. एका जोडाचा रोध ओहमचा हजारावा भाग एवढाच असला आणि त्यातून हेडलाइट-ब्लोअरचा 20 अँपिअर करंट जात असला, तर त्या जोडाच्या दोन बाजूंत 20 मिलिव्होल्टचा फरक पडतो. दिव्यांना त्याने काही होत नाही. गाण्याच्या सिग्नलला होते.

इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते पत्र्याला जोडायला वेगळी अर्थ पट्टी लागते. अल्टरनेटरचा बॉडीकडून परतणारा सगळा करंट, लहरींसकट, या पट्टीतून जातो. कोकणात किंवा किनारपट्टीवर वापरलेल्या गाड्यांत ही पट्टी काही पावसाळ्यांनी हिरवी-पांढरी झालेली दिसते. तिचा रोध वाढला की पत्र्यात दोन ठिकाणांमधला फरक वाढतो, आणि त्या फरकावर अल्टरनेटरच्या लहरी स्वार झालेल्या असतात.

फोन दोन ठिकाणी बांधला जातो तेव्हा

ऑक्सची पिन पाहा. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधले कडे उजव्याचा आणि मुळाकडचा भाग दोघांना समाईक असा ग्राउंड. काही पिनांवर माइकसाठी चौथे कडेही असते. डेक डाव्या बाजूचे गाणे ऐकतो म्हणजे तो टोक आणि ग्राउंड यांच्यातला व्होल्टेज मोजतो. ग्राउंडच हलला तर ते हलणे त्याला गाणेच वाटते. दोन्ही वेगळे ओळखण्याचे साधन बहुतेक साध्या डेकमध्ये नसते.

फोन नुसत्या स्वतःच्या बॅटरीवर आहे तोवर काही बिघडत नाही. फोनचा ग्राउंड फक्त ऑक्सच्या वायरीने डेकला बांधलेला असतो. डेकचा ग्राउंड पत्र्याच्या चढउताराबरोबर हलला तर फोनही त्याच्याबरोबर हलतो, दोघांमधला फरक तोच राहतो.

चार्जर लावला की चित्र बदलते. गाडीच्या साध्या चार्जरमध्ये आत येणारे निगेटिव्ह आणि यूएसबीतून बाहेर पडणारे निगेटिव्ह एकच असते, मध्ये काही आडकाठी नसते. म्हणजे फोनचा ग्राउंड आता चार्जरमार्फत लायटर सॉकेटच्या अर्थलाही बांधला गेला. सॉकेटचा अर्थ पत्र्यावर एका जागी, डेकचा अर्थ दुसऱ्या जागी. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक आहेच. आता त्या फरकाला वाहायला एक नवी वाट मिळाली: सॉकेटपासून चार्जर, चार्जरपासून फोन, फोनपासून ऑक्सची ग्राउंड वायर, तिथून डेक आणि डेकच्या अर्थवरून परत पत्रा. हे वेटोळे पूर्ण झाले की ऑक्सच्या ग्राउंड वायरीतून अल्टरनेटरच्या लहरींचा करंट वाहू लागतो, आणि त्या वायरीत पडणारा व्होल्टेज गाण्यात मिसळतो. जगभरचे ऑडिओवाले याला 'ग्राउंड लूप' म्हणतात.

चार्जिंगचा स्वतःचा करंटही याच वाटेवर येतो. फोन एक अँपिअर घेत असेल तर तेवढा करंट फोनमधून निगेटिव्हकडे परतला पाहिजे. स्वस्त चार्जिंग केबलमधली ग्राउंड वायर फार बारीक असते, एक मीटर लांबीला तिचा रोध 0.2 ओहमच्या घरात असतो. ऑक्सच्या ग्राउंडचा रोधही साधारण तितकाच. दोन वाटा सारख्याच अवघड असल्या की करंट दोन्हीकडे वाटला जातो. म्हणजे चार्जिंगचा जवळजवळ अर्धा करंट यूएसबी केबल सोडून ऑक्सच्या वायरीतून डेककडे जातो आणि तिथून पत्र्यात उतरतो. अर्धा अँपिअर आणि 0.2 ओहम यांचा गुणाकार 100 मिलिव्होल्ट. हा आकडा स्थिर राहिला तर ऐकू येत नाही, कारण डेकच्या आतले कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतात. पण फोनचा करंट कधीच स्थिर नसतो. पडदा उजळतो, नकाशा सरकतो, नेटवर्क शोधले जाते, आणि प्रत्येक वेळी तो हलतो. मग 'कुंई'च्या जोडीला 'चिर्रचिर्र' ऐकू येते.

फोनमधून निघणारे गाण्याचे सिग्नल सरासरी 300 मिलिव्होल्ट धरले आणि ग्राउंडमधून शिरलेला आवाज पाच मिलिव्होल्ट, तर तो गाण्याच्या साठाव्या भागाएवढा झाला. ढोल-ताशा चालू असताना कुणाला कळणार नाही. दोन गाण्यांमधल्या शांततेत, आलापीत, बातम्या ऐकताना मात्र स्पष्ट कळेल. फोनचा आवाज कमी ठेवून डेकचा मोठा केला तर आणखी वाईट. फोनमधून 50 मिलिव्होल्टच येत असले तर तेच पाच मिलिव्होल्ट दहावा भाग होतात, आणि डेक दोन्ही सारखेच फुगवतो. म्हणून पहिला, फुकटचा उपाय हाच: फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा, कमीजास्त करायचे ते डेकवर. यामुळे 'कुंई' जात नाही, पण दबते.

चार्जरचा स्वतःचा गोंगाट

चार्जर बदलला आणि आवाज गेला, असे सांगणारेही भेटतात, आणि बदलून काहीच फरक पडला नाही असे सांगणारेही. दोघेही खरे असतात, कारण चार्जर दोन वेगवेगळ्या प्रकारे गुन्ह्यात सामील असतो. एक म्हणजे वर सांगितलेली वाट. ती स्वस्त चार्जरमध्ये असते तशीच चांगल्या चार्जरमध्येही असते. दुसरा प्रकार म्हणजे त्याने स्वतः केलेला गोंगाट, आणि इथे मालाच्या दर्जाचा संबंध येतो.

गाडीचे 13.8 व्होल्ट फोनला 5 व्होल्ट करून द्यायचे, तर चार्जरमधली चिप वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते आणि एक कॉइल व एक कपॅसिटर ते ठोके सपाट करतात. फोनला 10 वॉट द्यायला चार्जर सॉकेटमधून साधारण 0.8 अँपिअर ओढतो, पण सलग न ओढता ठोक्याठोक्यांनी. चांगल्या चार्जरमध्ये सॉकेटच्या बाजूलाही एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतात, म्हणजे हे ठोके गाडीच्या वायरिंगमध्ये मागे जात नाहीत. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये नेमके हे दोन भाग गाळलेले असू शकतात. ठोक्यांचा मूळ वेग ऐकू येण्यापलीकडचा असतो. पण फोन भरत आला, करंट कमी झाला की काही चार्जर ठोक्यांचा एक झुबका, मग विश्रांती, मग पुन्हा झुबका असे काम करू लागतात, आणि हे झुबके ऐकू येण्याच्या वेगाने येतात.

हा गोंगाट ओळखायची एक सोपी खूण एफएमवर मिळते. थोडे लांबचे, आधीच कमकुवत असलेले स्टेशन लावा आणि चार्जर नुसता सॉकेटमध्ये घाला, शक्य तर फोन जोडून पुन्हा ऐका. स्टेशनवर 'शूऽऽ' वाढली तर तो चार्जर हवेतही गोंगाट सोडतो आहे. तो टाकून द्यावा, त्यावर फिल्टर बसवत बसू नये.

पिन उपसून केलेले निदान

काही विकत घेण्याआधी पाच मिनिटे द्यायची. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरात जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड असतो. गाणे पॉज करून, डेकचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवून ऐका.

आधी इंजिन बंद, चावी फक्त डेक चालू होईल इतकी फिरवलेली. फोन ऑक्सला आणि चार्जरला, दोन्हीकडे जोडलेला. इथे 'चिर्रचिर्र' ऐकू आली तर ती चार्जिंगची किंवा चार्जरची, अल्टरनेटरचा तिच्याशी संबंध नाही. मग इंजिन सुरू करून हळूच रेस द्या. चढता-उतरता सूर आता सामील झाला तर तो अल्टरनेटरचा.

आता इंजिन चालू ठेवून चार्जरची पिन फोनमधून काढा, चार्जर सॉकेटमध्येच राहू द्या. सूर गेला तर वेटोळे तुटले, निदान जवळजवळ झाले. खात्रीसाठी फोन पॉवर बँकेला लावा, पण ती पॉवर बँक गाडीच्या चार्जरला जोडलेली नको. फोन आताही चार्ज होतो आहे, ऑक्सही लावलेली आहे, तरी आवाज नाही. म्हणजे फोन, ऑक्स केबल आणि डेक तिघेही निर्दोष आहेत. दोष गाडीच्या निगेटिव्हशी झालेल्या दुसऱ्या जोडणीचा.

पिन काढूनही सूर राहिला तर चार्जर सॉकेटमधूनही काढून पाहा. मग एफएम किंवा पेन ड्राइव्ह लावा. तिथेही तोच सूर असेल तर ऑक्सचा प्रश्नच नाही. डेकला मिळणाऱ्या विजेत, डेकच्या अर्थमध्ये किंवा अल्टरनेटरमध्ये खोट आहे. सूर न येता इंजिनाबरोबर वेग वाढणारी 'टिकटिक' येत असेल तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या बाजूला पाहावे लागते.

अल्टरनेटरची शंका असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजतात, इंजिन 2000 फेऱ्यांवर आणि हेडलाइट चालू ठेवून. निरोगी अल्टरनेटरमध्ये आकडा साधारण 0.1 व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. मग दिवे लुकलुकणे, रात्रभरात बॅटरी उतरणे हेही सोबत दिसू शकते. एक सावधगिरी: बाजारातल्या सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची लहानात लहान रेंज 200 व्होल्टची असते. त्यावर हा आकडा दिसणार नाही, आणि त्यातले काही मीटर एसीच्या रेंजवरही डीसी मोजून भलताच आकडा दाखवतात. या मोजणीसाठी बरा मीटर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच जावे.

एका गाडीचा हिशेब

हे सगळे एकत्र कसे लागू पडते ते एका नेहमीच्या परिस्थितीत पाहू. समजा दहा वर्षे चाललेली, दुसऱ्या हाताची हॅचबॅक आहे. आधीच्या मालकाने बाहेरून डेक बसवून घेतलेला. गिअरपुढे लायटरचे सॉकेट, त्यात दोन तोंडांचा चार्जर, एक मीटरची बारीक केबल. सूर आयडललाच ऐकू येतो आणि हेडलाइट लावले की वाढतो. पिन उपसली की सूर बराच जातो, पण पूर्ण जात नाही. एफएमवरही अगदी पुसट उरतो.

हेडलाइट लावल्यावर वाढणे ही महत्त्वाची खूण. अल्टरनेटरवर भार आला, पत्र्यातला करंट वाढला आणि अर्थच्या जागांमधला फरकही वाढला. एफएमवर पुसट उरणे ही दुसरी खूण: डेकच्या अर्थमध्ये काहीतरी ढिले आहे. इथे स्वस्त मीटरही उपयोगी पडतो, कारण त्यावर 200 मिलिव्होल्ट डीसीची रेंज असते. इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, त्यासाठी लांब वायर जोडून घ्यावी लागते. दुसरे टोक सॉकेटच्या कडेच्या धातूवर लावले तर 30 मिलिव्होल्ट, आणि डेकच्या धातूच्या अंगावर लावले तर 110. डेक स्वतः दोन-चार अँपिअर घेतो, त्याला एवढा फरक पडायला नको. डेक बाहेर काढला की कारण दिसते: काळी अर्थ वायर कंपनीच्या वायरिंगमध्ये न जोडता डॅशबोर्डच्या आतल्या रंगवलेल्या पट्टीवर एका स्क्रूखाली गुंडाळलेली. धातूला धातू नीट लागलेलाच नाही. डेकचा काही करंट अँटेनाच्या वायरीच्या जाळीतून परत जातो आहे, आणि ऑक्स लावली की तिच्यातूनही.

दुरुस्ती साधी. बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून ठेवायचे, पट्टीवरचा रंग लगाएवढ्या जागेत खरवडून काढायचा, वायरीला लग दाबून बसवायचा, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळायचा आणि वर थोडे ग्रीस लावायचे. पुन्हा मोजल्यावर 110 चा आकडा सॉकेटच्या जवळपास, 30-35 वर येतो. एफएमवरचा सूर जातो. ऑक्सवरचा बराच उतरतो, पण शांततेत अजून थोडा ऐकू येतो, कारण दोन अर्थ अजून दोन ठिकाणी आहेत. शेवटची पायरी म्हणजे फोनचे चार्जिंग डेकच्याच पुढच्या यूएसबीवर घेणे. आता फोनचे दोन्ही ग्राउंड एकाच डब्यात, एकाच जागी येतात. पत्र्यातला फरक कितीही असो, तो या वेटोळ्याबाहेर राहतो.

डॅशबोर्डच्या आत काम करताना पिवळ्या वेष्टणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावायचा नाही. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

विकत घेण्यासारखे, न घेण्यासारखे

डेकला यूएसबी नसेल किंवा तिचा करंट नकाशा चालू ठेवायला पुरत नसेल तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' मिळतो. काडेपेटीएवढी डबी, एका बाजूला ऑक्सची पिन, दुसऱ्या बाजूला ऑक्सचे भोक. काही शे रुपयांत येतो आणि त्याला वेगळी वीज लागत नाही. त्याच्या आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. गाणे चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, वायर मात्र कुठेही सलग राहत नाही. ग्राउंडची वाट तुटली की वेटोळेही संपते. त्याची मर्यादा बासमध्ये आहे. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर लहान असतो आणि खर्जाच्या मोठ्या आवाजाला पुरत नाही. 40-50 हर्ट्झच्या खालचे ठोके बारीक होतात किंवा फाटतात. नेहमीच्या स्पीकरवर हे कळत नाही. मागे सबवूफर बसवलेला असेल तर कळते.

डेकच्या पॉवर वायरीत बसवायचा 'नॉइज फिल्टर'ही मिळतो. सूर एफएमवर आणि पेन ड्राइव्हवरही येत असेल, म्हणजे पॉझिटिव्हच्या वायरीतून शिरत असेल, तर त्याचा उपयोग. ऑक्सच्या वेटोळ्यावर तो काही करू शकत नाही. जाड आणि आखूड चार्जिंग केबल मात्र घ्यावी. तिने चार्जिंगचा करंट ऑक्सकडे कमी वळतो आणि 'चिर्रचिर्र' कमी होते.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. वायरीच नकोत म्हणून ब्लूटूथ रिसिव्हर घेतला, पण तो ऑक्सला जोडून त्याला वीज लायटरच्या चार्जरमधून दिली, तर फोनच्या जागी रिसिव्हर आला एवढेच. वेटोळे तसेच राहिले. असा रिसिव्हर स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. दुसरी फसगत हेडफोनचे भोक नसलेल्या फोनमध्ये होते. टाइप-सीच्या एका तोंडातून चार्जिंग आणि ऑक्स दोन्ही देणाऱ्या छोट्या दुहेरी जोडणीत दोघांचा ग्राउंड बोटभर वायरीत एकत्र येतो, आणि चार्जिंगच्या करंटची हालचाल सरळ गाण्यावर उमटते. तिथे जोडणीच्या ऑक्सच्या बाजूला आयसोलेटर लावणे हाच खरा उपाय.

एक जुगाड कुणी सुचवला तरी करू नये. ऑक्सच्या एका टोकाला ग्राउंडची तार कापून टाकली की 'कुंई' जाते, असे काही जण सांगतात. मग गाण्याचा परतीचा रस्ता चार्जरमधून पत्र्याकडे जातो, म्हणजे गाणे पूर्णपणे त्याच घाणेरड्या वाटेवर अवलंबून राहते, आणि चार्जर काढला की आवाज चिरका होतो किंवा बंद पडतो. डेकची किंवा ॲम्प्लिफायरची काळी अर्थ वायर काढून 'लूप तोडणे' तर धोक्याचेच. ॲम्प्लिफायरचा जड करंट मग ऑक्सच्या किंवा आरसीए केबलच्या बारीक जाळीतून परत जाऊ पाहतो. ती तापते, आणि डेकचे इनपुट जळू शकते.

मागे वेगळा ॲम्प्लिफायर असलेल्या गाडीत वायरींची वाटही महत्त्वाची. बॅटरीची जाड पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. दोघींची गाठ पडणार असेल तर काटकोनात ओलांडावी, शेजारी-शेजारी लांबवर नेऊ नये. ॲम्प्लिफायरची अर्थ वायर पॉवर केबलइतकीच जाड, शक्य तितकी आखूड आणि खरवडलेल्या पत्र्यावर आवळलेली हवी. बसवून देणाऱ्याला काम हातावेगळे करायची घाई असते. सीट आणि मॅट परत लावण्याआधी हे समोर उभे राहून पाहून घ्यावे, नंतर ते उघडायला कुणी तयार नसते.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: फोनचा आवाज वाढवा, डेकचा कमी करा, पिन उपसून वेटोळे आहे का ते ठरवा, असेल तर चार्जिंग डेकच्या यूएसबीवर किंवा पॉवर बँकेवर घ्या, ते जमत नसेल तरच आयसोलेटर आणा. एफएमवरही सूर असेल तर दुकानात जाण्याऐवजी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि त्याला डेकची काळी वायर आणि इंजिनाची अर्थ पट्टी आधी तपासायला सांगा. नव्या डेकची किंमत त्यानंतर विचारा.